बारा वर्षांच्या मुलाचं तिकीट

सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या पेपरात एक प्रश्न वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला आहे. दहा-पंधरा ओळींचं एक फंक्शन दिलेलं असतं आणि खाली तीन मागण्या असतात: याचा फ्लो ग्राफ काढा, सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी सांगा आणि बाउंडरी व्हॅल्यू टेस्ट केस लिहा. मुलं सूत्र घोकून जातात, आकडा काढतात, पाच-सहा टेस्ट केस लिहितात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. गुणही मिळतात. पण त्या तीन मागण्या एकाच प्रश्नात का ठेवल्या आहेत, हे बहुतेकांना कळत नाही. कळलं असतं तर पहिल्या मागणीचं उत्तर काढून झाल्यावर तिसऱ्या मागणीचं उत्तरही आपसूक आलं, असं कुणी मानलं नसतं.

एक उदाहरण सोडवूनच पाहू. एसटीच्या वयानुसार सवलती आपल्याला माहीत आहेत. लहान मुलांना तिकीट नाही, त्याहून मोठ्यांना अर्धं तिकीट, ज्येष्ठांना अर्धं आणि २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास. त्याच धर्तीवर पेपरात नियम दिला आहे असं समजा. वय पूर्ण झालेल्या वर्षांत मोजायचं. पाच वर्षांखाली मोफत. पाच ते बारा, बारा धरून, अर्धं तिकीट. तेरा ते चौसष्ट पूर्ण. पासष्ट ते चौऱ्याहत्तर अर्धं. पंचाहत्तर आणि पुढे मोफत. वय शून्य ते एकशेवीसच्या बाहेरचं आलं तर ते चुकीचं समजून उणे एक परत करायचं. आणि हे त्याचं फंक्शन:

```c
int ticket(int age, int fare)
{
    if (age < 0 || age > 120)
        return -1;
    if (age < 5)
        return 0;
    if (age < 12)
        return fare / 2;
    if (age < 65)
        return fare;
    if (age < 75)
        return fare / 2;
    return 0;
}
```

प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही हे वाचता येईल. `if` म्हणजे ‘जर’, `return` म्हणजे उत्तर देऊन बाहेर पडणं, आणि दोन उभ्या रेघा म्हणजे ‘किंवा’. वरून खाली एकेक अट तपासली जाते. जी पहिली लागू पडेल तिथेच फंक्शन संपतं. नियम आणि कोड यांत एक फरक आहे. तो दिसला असेल तर छान, नसेल तर घाई नाही. पेपर तपासणाऱ्यांच्याही नजरेतून तो सुटू शकतो.

आधी आकडा काढू. थॉमस मॅककेब या अमेरिकन गणितज्ञाने १९७६ साली एक शोधनिबंध लिहिला. मोठ्या प्रोग्रॅमचे कोणते भाग तपासायला आणि सांभाळायला जड जातील, हे ओळी मोजून ठरवू नये, असं त्याचं म्हणणं होतं. पन्नास ओळी सरळ एकाखाली एक असतील तर त्यातून जायला वाट एकच असते. पण त्यात पंचवीस ‘जर’ असतील तर वाटांची संख्या हाताबाहेर जाते. म्हणून त्याने प्रोग्रॅमचा नकाशा काढायला सांगितलं: प्रत्येक अट किंवा कृती म्हणजे एक ठिपका, एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जाण्याची शक्यता म्हणजे एक बाण. मग आलेखशास्त्रातलं एक जुनं सूत्र त्याने या नकाशाला लावलं:

```
V(G) = E - N + 2P
```

E म्हणजे बाण, N म्हणजे ठिपके आणि P म्हणजे एकमेकांपासून सुटे असलेले नकाशे. एकाच फंक्शनचा नकाशा असेल तर P एक, म्हणजे शेवटी नुसते दोन मिळवायचे. हाती येणारा आकडा सांगतो की या फंक्शनमध्ये एकमेकींपासून स्वतंत्र अशा किती वाटा आहेत. म्हणजे अशा वाटा, ज्यांतल्या प्रत्येकीत आधीच्या वाटांत न आलेलं निदान एक वळण आहे.

आपल्या फंक्शनचा नकाशा काढू. पहिल्या ओळीत ‘किंवा’ आहे. संगणक आधी ‘वय शून्याखाली आहे का’ हे पाहतो आणि नसेल तरच ‘एकशेवीसच्या वर आहे का’ हे पाहतो. म्हणजे दिसायला एक ओळ असली तरी अटी दोन आहेत आणि ठिपकेही दोन. त्यापुढच्या चार अटी धरून एकूण सहा अटींचे ठिपके झाले. उत्तर देणाऱ्या ओळी सहा, त्यांचे सहा ठिपके. आणि शेवटी फंक्शनबाहेर पडण्याचा एक सामाईक ठिपका. एकूण तेरा. आता बाण: प्रत्येक अटीतून ‘हो’चा एक आणि ‘नाही’चा एक, असे बारा, आणि प्रत्येक उत्तराकडून शेवटच्या ठिपक्याकडे एक, असे सहा. एकूण अठरा.

```
V(G) = 18 - 13 + 2 = 7
```

पडताळा सोपा आहे. अटी मोजा आणि एक मिळवा: सहा अधिक एक, सात. फंक्शनमध्ये दोन फाटे फुटणाऱ्या अटीच असतील तर हा झटपट हिशेब चुकत नाही, आणि परीक्षेत तो सूत्राशी ताडून पाहण्यासारखा आहे. कारण इथे एक ठरलेला घोटाळा होतो. फंक्शनमध्ये सहा ठिकाणी `return` आहे म्हटल्यावर विद्यार्थी सहा टोकं मोकळीच सोडतो. सामाईक शेवट काढतच नाही. मग ठिपके बारा, बाणही बारा, आणि उत्तर येतं दोन. सहा अटी असलेल्या फंक्शनमध्ये स्वतंत्र वाटा दोनच? पण सूत्राचं उत्तर म्हणून ते निमूटपणे लिहिलं जातं. हे सूत्र गृहीत धरतं की नकाशाला आत शिरण्याची एक जागा आहे आणि बाहेर पडण्याचीही एकच. ती अट पाळली नाही तर बेरीज-वजाबाकी बिनचूक असूनही उत्तर चूक येतं.

दुसरा वाद ‘किंवा’चा. पहिली ओळ एकच ठिपका मानली तर ठिपके बारा, बाण सोळा, आणि उत्तर सहा. मग सहा खरं की सात? मॅककेबच्या मूळ निबंधात जोडअटीतली प्रत्येक अट वेगळी धरली आहे, म्हणजे सात. पण सगळे तसं करत नाहीत. पायथॉनच्या कोडसाठी वापरली जाणारी दोनच साधनं घ्या: `radon` हे जोडअट सोडवून मोजतं, तर `mccabe` नावाचंच दुसरं साधन तसं मोजत नाही. एकाच फंक्शनला दोन साधनं दोन आकडे देतात. त्यामुळे उत्तरपत्रिकेत आकड्याआधी एक वाक्य लिहिणं शहाणपणाचं: ‘जोडअटीतल्या दोन्ही अटी वेगळ्या धरल्या आहेत.’ तेवढ्याने तपासणाऱ्याच्या नमुना उत्तरात सहा असले तरी तुमचे सात का आले हे त्याला कळतं.

आता सात वाटांसाठी सात टेस्ट केस. मूळ भाडं शंभर रुपये धरू. उणे तीन वर्षं, एकशेतीस वर्षं, तीन, आठ, तीस, सत्तर आणि ऐंशी. प्रत्येक वय वेगळ्या वाटेने जातं. उत्तरं येतात: उणे एक, उणे एक, शून्य, पन्नास, शंभर, पन्नास, शून्य. नियमाशी ताडून पाहा, सातही बरोबर. या फंक्शनमध्ये कुठे मागे फिरून परत येणं नाही, म्हणून त्यात सातच वाटा आहेत, आठवी नाहीच. म्हणजे आपण एकूण एक वाट चालून पाहिली आणि कुठेही ठेच लागली नाही.

तरीही फंक्शन चुकीचं आहे. बारा वर्षांच्या मुलाला ते शंभर रुपये लावतं.

नियमात ‘बारा धरून’ अर्धं तिकीट आहे. कोडमध्ये `age < 12` आहे; तिथे `age <= 12` हवं होतं. एका चिन्हाची चूक. अशी चूक वाटा मोजून सापडत नाही, कारण चिन्ह बदललं तरी नकाशा तसाच राहतो: तितकेच ठिपके, तितकेच बाण, तोच सातचा आकडा. आठ वर्षांचं मूल चुकीच्या फंक्शनमध्येही अर्ध्या तिकिटाच्या वाटेनेच जातं आणि दुरुस्त फंक्शनमध्येही. दोन्ही फंक्शनं पूर्णांकातल्या एकाच वयाला वेगळी वागतात, आणि ते वय म्हणजे बारा. आपण ते विचारलंच नाही.

तिसऱ्या मागणीची गरज इथे लागते. बाउंडरी व्हॅल्यू म्हणजे सीमेवरची मूल्यं. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस चाळिशीच्या प्रवाशाबाबत सहसा चुकत नाही. तो ‘पेक्षा कमी’ आणि ‘तितकं किंवा कमी’ यांत चुकतो. म्हणून नियम जिथे बदलतो तिथेच, सीमेच्या अलीकडचं आणि पलीकडचं वय घेऊन विचारायचं. आपल्या नियमात अशा सहा जागा आहेत. उणे एक आणि शून्य. चार आणि पाच. बारा आणि तेरा. चौसष्ट आणि पासष्ट. चौऱ्याहत्तर आणि पंचाहत्तर. एकशेवीस आणि एकशेएकवीस. सहा जोड्या, बारा टेस्ट केस. नियमाप्रमाणे अपेक्षित उत्तरं अनुक्रमे अशी: उणे एक, शून्य, शून्य, पन्नास, पन्नास, शंभर, शंभर, पन्नास, पन्नास, शून्य, शून्य, उणे एक. फंक्शन चालवलं की अकरा जुळतात आणि बारा वर्षांपाशी पन्नासऐवजी शंभर येतात. चूक सापडली.

परीक्षेत या ठिकाणी दोन गोष्टी बिघडतात. पहिली पाठांतराने. पुस्तकात एका रीतीप्रमाणे पाच मूल्यं सांगितलेली असतात: किमान, किमानपेक्षा एक जास्त, मधलं कुठलं तरी, कमालपेक्षा एक कमी, कमाल. वय शून्य ते एकशेवीस म्हटल्यावर विद्यार्थी लिहून मोकळा होतो: शून्य, एक, साठ, एकशेएकोणीस, एकशेवीस. रीत चुकीची नाही, पण ती एकसंध पट्ट्यासाठी आहे. आपल्या नियमात त्या पट्ट्याचे पाच तुकडे आहेत आणि वागणूक तुकड्यागणिक बदलते. ही पाच वयं आतल्या चार सीमांपैकी एकीच्याही जवळ फिरकत नाहीत. आधी नियमाचे तुकडे पाडायचे, मग प्रत्येक तुकड्याची टोकं घ्यायची, हा क्रम सोडला की ‘बाउंडरी व्हॅल्यू’ असं शीर्षक असलेल्या उत्तरात सीमा नावालाच उरतात.

दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. विद्यार्थी सीमा नियमातून न काढता कोडमधून काढतो, आणि अपेक्षित उत्तरही कोड वाचूनच लिहितो. कोडमध्ये `age < 12` दिसतं, म्हणून तो जोडी घेतो अकरा आणि बारा. अकराला पन्नास, बाराला शंभर, असं तक्त्यात मांडतो. फंक्शन चालवलं की दोन्ही जुळतात! आकडा नेमका चुकीच्या जागेवरचा निवडला आणि तरी चूक निसटली, कारण जो आरोपी आहे त्यालाच साक्षीदार केलं. टेस्ट केसमधला ‘अपेक्षित’ हा रकाना नियमावरूनच भरायचा असतो. कोड त्यावेळी झाकून ठेवला तरी चालेल. खरं तर झाकूनच ठेवावा.

नोकरीत ही अडचण आणखी टोकदार होते, कारण तिथे नियमच धूसर असतो. ‘६५ ते ७५ वर्षांपर्यंत अर्धं’ आणि ‘७५ वर्षांवरील मोफत’ अशी वाक्यं आपण वाचतो. परवाच पंचाहत्तरावा वाढदिवस झालेल्या आजोबांचं काय? पूर्ण झालेलं वय धरायचं की चालू? बोलताना दोन्ही वाक्यं स्वच्छ वाटतात. सीमेवरची जोडी लिहायला घेतली की दोघांचा दावा एकाच वयावर आहे हे दिसतं. अशा वेळी टेस्टरने मनाने उत्तर लिहू नये, नियम करणाऱ्याला विचारावं. कितीतरी चुका अशा प्रश्नांतूनच, प्रोग्रॅम एकदाही न चालवता पकडल्या जातात. आपल्याच उदाहरणात आणखी एक प्रश्न दडलेला आहे: भाडं पंधरा रुपये असेल तर अर्धं किती? सी भाषेत `15 / 2` म्हणजे सात. वरचे पन्नास पैसे गायब. हे योग्य की अयोग्य, यावर नियम गप्प आहे.

आता एक योगायोग सांगायला हवा, कारण त्याने फसगत होते. आपल्या फंक्शनमध्ये वाटा सात होत्या. नियमाचे तुकडेही सातच: पाच वैध आणि दोन्ही बाजूंचे दोन अवैध. शिवाय सीमेवरची बारा वयं सातही वाटांवरून जातात, म्हणजे त्या बारा टेस्ट केसनी दोन्ही मागण्या भागल्या. हे इतकं नीट जुळलं, कारण फंक्शनमधली प्रत्येक अट वयाच्या एकाच रेषेला एका ठिकाणी कापते. रेषेला सहा काप दिले की सात तुकडे होणारच. इनपुट एकावरून दोन झाले की हे गणित मोडतं.

मोडून पाहू. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. समजा आपल्या नियमात तीही सवलत घातली आणि प्रवासी महिला आहे का, हे सांगणारं `female` नावाचं आणखी एक इनपुट आलं. प्रोग्रॅमरने बारा वर्षांची चूक सुधारली आणि वय तपासणाऱ्या पहिल्या अटीच्या लगेच खाली दोन ओळी घातल्या:

```c
    if (female)
        return fare / 2;
```

अट एक वाढली, आकडा आठ झाला. आठव्या वाटेसाठी तीस वर्षांची महिला घेतली: पन्नास, बरोबर. बाकीच्या सात वाटांना आधीचीच पुरुषांची वयं. सगळं जुळतं. सीमेवरच्या बारा वयांचे पुरुषही जुळतात. आणि तरीही हे फंक्शन ऐंशी वर्षांच्या आजीबाईंकडून पन्नास रुपये घेतं, जेव्हा त्यांच्याच वयाच्या आजोबांना ते मोफत सोडतं. तीन वर्षांच्या मुलीलाही अर्धं तिकीट लागतं. सवलत वाढवायला गेले आणि आहे तीच काढून घेतली.

चूक क्रमाची आहे. महिलांची अट तेरा ते चौसष्टच्या तुकड्याच्या आत, जिथे पूर्ण भाडं लागणार होतं तिथे असायला हवी होती. पण ती बरोबर जागी ठेवली तरी अटींची संख्या तितकीच आणि आकडा आठच. सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी अटी किती आहेत ते मोजते; त्या योग्य क्रमाने आहेत की नाहीत हे तिला कळत नाही. सीमांची तपासणीही इथे आंधळी ठरली, कारण आपण एका इनपुटच्या सीमा पाहताना दुसरं इनपुट एकाच जागी खिळवून ठेवलं होतं. यावर उपाय म्हणजे दोन्हींची सांगड घालणं: बाराही वयं पुरुषांसाठी आणि तीच बारा महिलांसाठी, एकूण चोवीस. मग शून्य, चार, पंचाहत्तर आणि एकशेवीस या चार वयांच्या महिलांपाशी चूक उघडी पडते. अर्थात इनपुट दोन आहेत आणि एक नुसतं हो-नाही आहे म्हणून चोवीसवर भागलं. चार-पाच इनपुट आले की सगळ्या जोड्या लावणं परवडत नाही, आणि तिथे निर्णय-तक्त्यासारख्या दुसऱ्या रीती लागतात.

मग त्या आकड्याचा उपयोग काय? एक पक्का उपयोग आहे. तितक्या टेस्ट केस नीट निवडल्या तर कोडमधलं प्रत्येक वळण निदान एकदा तपासलं जातं, आणि नियमात नसलेलं पण कोडमध्ये शिरलेलं काही असेल तर ते हाती लागतं. कुणी तात्पुरतं म्हणून `if (age == 40)` असं काही लिहून विसरून गेला असेल, तर सीमेवरची बारा वयं ते कधीच पकडणार नाहीत. चाळीस ही कुठली सीमाच नाही. फ्लो ग्राफमध्ये मात्र तो जास्तीचा फाटा लगेच दिसेल आणि त्या वाटेसाठी टेस्ट केस लिहावीच लागेल. दुसरा उपयोग इशाऱ्याचा. मॅककेबने एका फंक्शनसाठी दहा ही मर्यादा सुचवली होती आणि तो आकडा मंत्रासारखा मानू नये असंही सांगितलं होतं. पन्नासचं फंक्शन दिसलं तर त्याचे तुकडे करायला हवेत, हे कळायला तो पुरेसा आहे. आपल्या सातच्या फंक्शनमध्ये किती चुका आहेत, याबद्दल मात्र तो काहीही सांगत नाही.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती. नुसतं फंक्शन छापून ‘बाउंडरी व्हॅल्यू टेस्ट केस लिहा’ असं विचारू नका. त्याच्या वर नियम मराठीत किंवा इंग्रजीत, पण वाक्यांत लिहून द्या. नियम नसेल तर मुलांना कोडवरूनच अपेक्षित उत्तर लिहावं लागतं, आणि मग कोडमध्ये चूक असली तरी ती दाखवायला त्यांच्या हाती काहीच नसतं. आणि जमल्यास फंक्शनमध्ये एखादी चूक मुद्दाम ठेवा. एका `=` चिन्हाचं काम आहे.